बर्लिनचं तिकीट: ए, बी, सी आणि रात्रीची एन७

बर्लिनला यायचं ठरलं तेव्हा सीनियर लोकांनी मला तांदूळ, मसाले, ब्लॉक्ड अकाउंट आणि थंडीचे कपडे या विषयांवर भरभरून सांगितलं. तिकिटाबद्दल मात्र सगळ्यांचं एकच वाक्य: "अगं, सेमिस्टर तिकीट मिळतं, काळजीच नको." हे खरं आहे, पण विद्यार्थ्यांचा हा प्रवासाचा पास सुरू होतो १ ऑक्टोबरला. हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असं चालतं आणि तिकीट सत्राला बांधलेलं असतं. मी विमानातून उतरले १२ सप्टेंबर २०२५ ला. घराचा पत्ता नोंदवायचा, बँक उघडायची, विद्यापीठात कागद द्यायचे, स्वस्तातली गादी शोधायची, म्हणजे सगळ्यात जास्त फिरण्याचे दिवस नेमके बिनपासाचे.

त्या दिवसांत सगळी व्यवस्था मला मुळापासून समजून घ्यावी लागली. पास आधीच हातात असता तर झोन म्हणजे काय हे मी कदाचित शिकलेच नसते.

मुंबईच्या लोकलचा पास आपल्याला माहीत असतो. डोंबिवली ते दादर असा पास काढला की त्या रुळावरच तो चालतो, खाली उतरून बेस्टच्या बसमध्ये बसलात की वेगळे पैसे. बर्लिनचं तिकीट रुळाचं नसतं, क्षेत्राचं असतं. त्या क्षेत्रात भुयारी यू-बान, उपनगरी एस-बान, ट्राम, बस आणि प्रादेशिक रेल्वे हे सगळं एकाच तिकिटावर चालतं. चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत, पण प्रवाशाला त्याचं घेणंदेणं नाही. एका तिकिटावर बसमधून उतरून यू-बानमध्ये आणि तिथून ट्राममध्ये खुशाल जावं.

क्षेत्रं तीन आहेत. शहराच्या मध्यभागाभोवती एस-बानची गोल लाइन फिरते, तिला नुसतं 'रिंग' म्हणतात. एस४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि एस४२ उलट, एका फेरीला साधारण एक तास. या रिंगच्या आतला भाग म्हणजे ए. रिंगपासून शहराच्या हद्दीपर्यंत बी. हद्दीबाहेरचा पट्टा सी, त्यात पॉट्सडाम येतं आणि विमानतळही येतो.

नकाशावर तीन रंग बघून मी घाबरले होते. माझी खोली सीमेन्सस्टाटमध्ये, यू७ या यू-बान लाइनच्या सीमेन्सडाम स्टेशनजवळ, म्हणजे बी मध्ये. टेक्निकल युनिव्हर्सिटी एर्न्स्ट-रॉयटर-प्लाट्झला, म्हणजे ए मध्ये. रोज युंगफर्नहाइडला रिंग ओलांडायची, तर रोज दोन झोनचे पैसे का? मिरजेच्या एका सीनियरने व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं: "नुसत्या ए चं तिकीट विकतच नाहीत. एबी घे आणि रिंग विसरून जा."

हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा सोपा होतो. मिळतं काय तर एबी, बीसी आणि एबीसी. शहरात राहणाऱ्याचा सगळा दिवस एबी मध्ये जातो आणि त्याच्यासाठी ए-बी ची रेघ असून नसल्यासारखी. लक्ष ठेवायचं ते बी आणि सी च्या रेघेवर. बीसी हे तिकीट उपयोगी पडतं ते पॉट्सडामकडे राहून शहराच्या कडेला शिकणाऱ्याला. आमच्या ओळखीतली एक मुलगी पॉट्सडामला राहते आणि डालेमला, फ्री युनिव्हर्सिटीत शिकते. डालेम बी मध्ये येतं, म्हणून रिंगच्या आत न शिरणाऱ्या रस्त्याने गेलं तर तिला एबीसी चे जादा पैसे भरायची गरज नव्हती.

बी-सी ची रेघ जमिनीवर कुठेही दिसत नाही. फाटक नाही, खांब नाही, गाडी थांबूनही राहत नाही. एस७ पॉट्सडामकडे जाते तेव्हा वान्झे हे बी मधलं शेवटचं स्टेशन. पुढचंच ग्रीब्निट्झझे, ते सी. पॉट्सडाम विद्यापीठाचं एक आवार तिथे असल्यामुळे गाडीत विद्यार्थी भरपूर असतात. माझा रूममेट त्या सप्टेंबरात एबी तिकिटावर मित्राला भेटायला निघाला आणि वान्झे सुटल्यावर साध्या जॅकेटमधला शेजारचा माणूस उठून ओळखपत्र दाखवत तिकीट मागू लागला. ६० युरो. रूममेटचं म्हणणं, "तिकीट तर आहे की!" तपासनीसाचं म्हणणं, या जागेचं नाही. त्याचं बरोबरच होतं. बिनतिकिटाला आणि चुकीच्या झोनला दंड एकच आहे. अशा वेळी एबी तिकिटाला जोडून घ्यायचं एक पुरवणी तिकीट मिळतं, पण ते सी मध्ये शिरण्याआधी घ्यावं लागतं. तपासनीस दिसल्यावर फोन काढून उपयोग नाही.

बर्लिनमध्ये यू-बानला किंवा एस-बानला फिरती दारं नाहीत. जिना उतरा आणि गाडीत बसा. नवीन माणसाला वाटतं इथे कोणी विचारत नाही. विचारतात, पण कधी ते सांगून नाही, आणि गणवेशात तर बहुतेक वेळा नाहीच.

विमानतळ सी मध्ये आहे, त्यामुळे उतरल्यावरचं पहिलं तिकीट एबीसी चंच घ्यायचं. तेव्हा ते ४ युरो ७० सेंटला होतं आणि शहरातलं एबी ३ युरो ८० ला. हे सगळे भाव २०२५ चे आहेत, जानेवारीत ते वाढतात असा अनुभव आहे, तेव्हा आकडे ताजे बघून घ्यावेत. विमानतळाहून मुख्य स्टेशनला जाणाऱ्या एक्सप्रेस गाडीलाही हेच तिकीट चालतं, त्यावर विमानतळाचा वेगळा अधिभार नाही. मी मात्र एक्स७ बसने रुडोला गेले आणि तिथून यू७ धरली. रुडो हे यू७ चं एक टोक आणि श्पांडाऊ दुसरं. दोन्ही टोकं धरून ४० स्टेशनं. दोन बॅगा घेऊन गाडी बदलण्यापेक्षा एका जागी बसून राहणं मला बरं वाटलं.

मशीनमधून निघालेला कागद हे अजून तिकीट नसतं, हे मला सुदैवाने आधी कुणीतरी बजावलं होतं. फलाटावर लाल किंवा पिवळी छोटी पेटी असते. तिच्या फटीत कागद घातला की खटकन तारीख-वेळेचा शिक्का बसतो आणि तिथून तिकिटाचं आयुष्य सुरू होतं. गाडीत बसण्याआधीच हे करायचं, बस असेल तर पेटी बसमध्ये असते. ट्राममधल्या मशीनचं तिकीट शिक्का मारूनच बाहेर येतं. फोनवरच्या ॲपमधून घेतलं तर शिक्क्याचा प्रश्न नाही, ते सुरू होऊनच येतं, म्हणून आधीच घेऊन ठेवलं तर वेळ वाया जातो. बसचा ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही, कार्ड टेकवावं लागतं. माझं भारतातलं फॉरेक्स कार्ड चाललं.

साध्या तिकिटाची मुदत दोन तास. मधे उतरून दुकानात जाऊन पुढच्या गाडीने निघता येतं, मात्र दिशा तीच हवी. जाऊन परत यायला ते चालत नाही, दोन तासांत सगळं आटपलं तरीही. माझ्या सुरुवातीच्या बऱ्याच कामांचं स्वरूप होतं 'जा, एक कागद दे, परत ये', म्हणजे प्रत्येक कामाला ७ युरो ६०. हे रुपयांत मोजायची सवय पहिल्या महिन्यात जात नाही.

मग छोट्या पल्ल्याचं तिकीट हाती लागलं. यू-बान किंवा एस-बानने तीन स्टेशनांपर्यंत, बस किंवा ट्रामने सहा थांब्यांपर्यंत, २ युरो ६०. रेल्वेत या तीन स्टेशनांत गाडी बदलता येते, बस-ट्राममध्ये बदलता येत नाही. मोजायचं कसं, तर चढलो ते स्टेशन धरायचं नाही. सीमेन्सडामला चढले, हालेमवेग एक, याकोब-कायझर-प्लाट्झ दोन, युंगफर्नहाइड तीन. तिथे उतरले तर ठीक. पुढच्या मीरेनडॉर्फप्लाट्झला उतरले तर तिकीट अवैध. युंगफर्नहाइडच्या आसपास किराणा होता, त्यामुळे मला याचा फायदा झाला. विद्यापीठापर्यंत मात्र ते पोहोचत नव्हतं.

ज्या दिवशी तीनदा गाडीत बसायचं असेल त्या दिवशी २४ तासांचं तिकीट परवडतं. एबी चं १० युरो ६०, म्हणजे तीन साध्या तिकिटांपेक्षा कमी. ते तारखेला बांधलेलं नसतं. शिक्का सकाळी अकराला मारला तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत. म्हणून मी लांबची कामं एका दुपारी सुरू करून दुसऱ्या दिवशी सकाळी संपवायला लागले. नोंदणी कार्यालयाची अपॉइंटमेंट सकाळी दहाची मिळाली तर आदल्या दिवशी साडेदहानंतर शिक्का मारून बँक, सिमकार्ड आणि गादी त्याच तिकिटात. फक्त परतीच्या गाडीत घड्याळाकडे लक्ष ठेवायचं.

एवढी काटकसर करण्यापेक्षा सरळ डॉइच्चलांडटिकेट का घेतलं नाही, असं मला घरून विचारलं गेलं. हा प्रश्न रास्त होता, आणि सप्टेंबरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने त्याचा हिशेब आधी करावा असं मला वाटतं. हे देशभर चालणारं मासिक तिकीट, तेव्हा ५८ युरो. संपूर्ण जर्मनीतल्या शहरी गाड्या, बस आणि प्रादेशिक रेल्वे त्यात येतात, लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. झोनचा प्रश्नच मिटतो. ३ युरो ८० च्या भावाने बघितलं तर सोळावं साधं तिकीट काढायची वेळ येते तिथे ते फिटतं. दोन-अडीच आठवड्यांत सोळा प्रवास सहज होतात.

पण दोन अटी आहेत. एक, महिना कॅलेंडरचा. १२ तारखेला घेतलं तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण महिन्याचे पैसे. दुसरी अट जास्त बोचरी. हे तिकीट वर्गणीसारखं आहे, आपण बंद करेपर्यंत चालू राहतं, आणि बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. मी आले १२ ला. म्हणजे त्या दिवशी वर्गणी घेतली असती तर सप्टेंबरची दहा तारीख उलटलेली, ती थेट ऑक्टोबरअखेर संपली असती. ५८ आणि ५८, एकूण ११६ युरो, आणि त्यातला ऑक्टोबर माझ्या सेमिस्टर तिकिटात आधीच भरलेला. ११६ युरोत तीस साधी तिकिटं येतात. हिशेब तिथेच संपला. माझ्याबरोबर शिकणारा एकजण ४ सप्टेंबरला आला होता. त्याने आल्याआल्या घेतलं, ८ तारखेला बंद करायचं बटण दाबलं आणि महिनाभर ५८ युरोत फिरला. त्याच्यासाठी तेच शहाणपणाचं होतं. विकणाऱ्यागणिक अटी थोड्या वेगळ्या असू शकतात, म्हणून बंद करण्याची मुदत पैसे भरण्याआधी वाचावी. शिवाय बऱ्याच ठिकाणी पैसे थेट बँक खात्यातून कापले जातात आणि नवख्याकडे युरोपातलं खातंच नसतं. कार्डावर देणारे विक्रेते आहेत, शोधावे लागतात.

सेमिस्टर तिकीट म्हणजे हेच देशभरचं तिकीट, विद्यार्थ्यांच्या भावात. मूळ किमतीच्या ६० टक्के, म्हणजे त्या सत्रात ५८ चे ३४ युरो ८० महिन्याला, सहा महिन्यांचे २०८ युरो ८०. ते वेगळं विकत घ्यायचं नसतं. सत्र-शुल्कात ते बसवलेलं असतं आणि शुल्क भरलं की आलंच. मला नको, मी सायकलने येईन, असं म्हणायची सोय साधारणपणे नाही. सगळे भरतात म्हणूनच भाव इतका खाली येतो. विद्यापीठाच्या लॉगिनने ते फोनमध्ये उतरवायचं. तपासनीस त्यातला हलता कोड स्कॅन करतो, म्हणून स्क्रीनशॉट चालत नाही. त्यावर नाव असतं, त्यामुळे सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. फोनची बॅटरी संपली तर? तिकीट वैयक्तिक आहे, त्यामुळे ठरलेल्या मुदतीत ते दाखवलं की ६० च्या जागी ७ युरो भरून सुटका होते. तेवढ्यासाठी कार्यालयाच्या रांगेत उभं राहायचं नसेल तर पॉवर बँक जवळ ठेवावी, हिवाळ्यात बॅटरी पटकन उतरते.

इथे एक गोष्ट खास आपल्या मुलांसाठी सांगायला हवी, कारण सल्लागार संस्था ती सांगत नाहीत. बर्लिनमध्ये भारतातून येणारे बरेच विद्यार्थी खासगी विद्यापीठांत येतात. हे तिकीट त्या-त्या विद्यापीठातल्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी मिळून केलेल्या करारातून मिळतं, आणि अनेक खासगी संस्थांचा असा करार नाही. हातात विद्यार्थी ओळखपत्र असलं तरी तिकीट नाही. नागपूरचा माझा एक मित्र अशा ठिकाणी शिकतो. त्याला डॉइच्चलांडटिकेट पूर्ण भावात घ्यावं लागलं. २०२५-२६ च्या हिवाळी सत्राचा त्याचा हिशेब असा: ऑक्टोबर ते डिसेंबर ५८ प्रमाणे १७४ युरो. जानेवारी २०२६ पासून तिकीट ६३ झालं, म्हणून जानेवारी ते मार्च १८९. एकूण ३६३. माझे २०८ युरो ८०. तो म्हणाला, "फी विचारली, हॉस्टेल विचारलं, हे विचारायचं सुचलंच नाही." प्रवेशपत्र आल्यावर एका ओळीची ईमेल करून सेमिस्टर तिकीट आहे का, एवढं विचारून घ्यावं. आणि असलं तर तुमची नोंदणी पूर्ण होईपर्यंत ते दिसणार नाही हेही लक्षात ठेवावं. व्हिसा उशिरा मिळून ऑक्टोबरच्या मध्यावर पोहोचणाऱ्यांची इथे अडचण होते.

ऑक्टोबर लागला, तिकीट फोनमध्ये आलं, आणि झोनचा विषय माझ्यापुरता बंद झाला. पॉट्सडामला जा, विमानतळावर कुणाला आणायला जा, विचार करावा लागत नाही. घरून कोणी भेटायला आलं की मात्र त्यांच्यासाठी तो पुन्हा उघडतो, कारण माझं तिकीट फक्त माझं आहे.

त्याच सुमाराला हेर्मानप्लाट्झजवळ एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. हेर्मानप्लाट्झही यू७ वरच, म्हणजे दारातून दारात एक गाडी. पण काम संपायचं मध्यरात्रीनंतर आणि तिथे कळलं की या शहरात रात्रीचं वेळापत्रक वाराप्रमाणे दोन प्रकारचं आहे.

शुक्रवारी आणि शनिवारी रात्री यू-बान बंदच होत नाही. रात्रभर पंधरा-पंधरा मिनिटांनी धावते, एस-बान बहुतेक मार्गांवर अर्ध्या तासाने. सार्वजनिक सुट्टीच्या आदल्या रात्रीही तसंच. रविवार ते गुरुवार मात्र यू-बान रात्री एकच्या सुमाराला थांबते आणि पहाटे साडेचारच्या आसपास पुन्हा सुरू होते. या मधल्या वेळात तिच्या जागी रस्त्यावरून एन च्या बसगाड्या धावतात. आकडा लक्षात ठेवायला सोपा: यू७ ची रात्रबस एन७, यू८ ची एन८, यू२ ची एन२. भुयारातल्या स्टेशनांच्या वरून साधारण त्याच मार्गाने, अर्ध्या तासाला एक. विमानतळाकडेही एन७ च जाते, त्यामुळे अपरात्री उतरणाऱ्यांसाठीही ती कामाची.

गोंधळ होतो तो 'शुक्रवारची रात्र' कोणती यात. शनिवारच्या पहाटेचे दोन म्हणजे शुक्रवारची रात्र, गाडी आहे. रविवारच्या पहाटेचे दोन म्हणजे शनिवारची रात्र, गाडी आहे. रविवारी दिवसभर सुट्टीचं वातावरण असतं, दुकानं बंद असतात, माणूस मनाने अजून शनिवारातच असतो, आणि रात्री एकनंतर जिना उतरून बघतो तर जाळी लावलेली. रविवारची रात्र ही सोमवारची पूर्वरात्र आहे. फोनच्या ॲपमध्ये मार्ग बघतानाही हेच सांभाळायचं. मध्यरात्रीनंतरचा प्रवास शोधायचा तर तारीख पुढच्या दिवसाची टाकायची, नाहीतर ते कालच्या गाड्या दाखवतं. सुट्ट्याही इथल्या बघायच्या. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस २०२५ मध्ये शुक्रवारी आला, म्हणून गुरुवार असूनही २ तारखेच्या रात्री गाड्या चालू होत्या.

एन७ चा थांबा शोधणं हे वेगळं काम आहे. स्टेशनचं नाव तेच असलं तरी बस उभी राहते रस्त्यावर, आणि हेर्मानप्लाट्झसारख्या मोठ्या चौकात थांबे अनेक. कुठल्या बाजूचा थांबा श्पांडाऊकडे जातो हे मी दिवसाउजेडी बघून ठेवलं. इलेक्ट्रॉनिक फलकावर बसच्या नावाबरोबर शेवटचं ठिकाण येतं, ते वाचायचं: राटहाउस श्पांडाऊ हवं. रुडो किंवा विमानतळ दिसलं तर ती उलटी. रात्री अर्धा तास उभं राहण्यापेक्षा मी रेस्टॉरंटमध्येच थांबून ॲपवर बसची प्रत्यक्ष जागा बघते आणि पाच मिनिटं आधी निघते. बसला भुयारी गाडीपेक्षा वेळ जास्त लागतो, तो घरी पोहोचायच्या हिशेबात धरावा.

बस चुकली तर अर्धा तास गेला असं नाही. बर्लिनमध्ये ज्या ट्राम आणि बसच्या नावापुढे एम आहे त्या मेट्रो लाइन चोवीस तास चालतात, रोज. हेर्मानप्लाट्झवरून एम४१ मुख्य स्टेशनकडे जाते. मी एकदा ती पकडून दुसऱ्या रात्रबसने घरी गेले. फायदा वेळेचा झाला नाही, पण थंडीत उभं राहण्यापेक्षा गरम बसमध्ये बसणं परवडलं. गाड्या बदलायच्याच असतील तर झू स्टेशन किंवा हाकेशर मार्क्टसारख्या ठिकाणी बदलाव्यात. तिथे अनेक रात्रबस येतात आणि थांब्यावर माणसं असतात.

रात्री बसमध्ये आणखी एक सोय आहे जी कोणी सांगत नाही. संध्याकाळी आठनंतर ड्रायव्हरला आधी विनंती केली तर दोन थांब्यांच्या मध्ये, जिथे सुरक्षितपणे थांबता येईल तिथे, तो उतरवतो. माझं घर दोन थांब्यांच्या साधारण मधे आहे. पहिल्यांदा विचारताना जर्मन वाक्य मनात घोकत पुढे गेले. ड्रायव्हरने मान हलवली आणि बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी दार उघडलं. आता मी आधीच पुढच्या दारापाशी बसते.

नोव्हेंबरमध्ये मालकाने पाळ्यांचा तक्ता बदलायला घेतला तेव्हा सगळ्यांनी वीकेंडची रात्र टाळायचा प्रयत्न केला. मी उलट मागितलं: शुक्रवारी आणि शनिवारी बंद होईपर्यंत मी थांबते, कितीही उशीर होवो, रविवारी मात्र साडेअकराला सोडा. त्याला हे विचित्र वाटलं. मी सांगितलं, शनिवारी रात्री तीनला निघाले तरी पंधरा मिनिटांत यू७ आहे. रविवारी एकला निघाले तर एन७, आणि सोमवारी सकाळी आठचं लेक्चर. तो स्वतः ब्रिट्झला राहतो, त्याच यू७ वर. त्याने तक्त्यावर रविवारच्या चौकटीत ११.३० लिहिलं आणि शनिवारची दोन्ही नावं पुसून माझं टाकलं.